कागदाची पाठ

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहाचा ग्लास हातात धरून उभा होतो आणि ज्ञानोबा हॉटेलवाला माझ्याकडं बघत होता. बाकीची गिऱ्हाइकं ग्लास वरच्या काठाला दोन बोटांनी धरून, फुंकर मारत, या हातातनं त्या हातात करत होती. मी एकटाच मूठ वळून धरल्यासारखा धरून उभा. "ठेवा की व्हो खाली," ज्ञानोबा म्हणाला, "उकळीचाच वतलाय." मी म्हटलं, सवय आहे आम्हाला, कारखान्यातली माणसं आम्ही. तो हसला. मीही हसलो. मग ग्लास खाली ठेवला आणि अंगठा बघितला, तर लालभडक. शेजारच्या बोटाचं पेर पांढरं पडत आलेलं. बघत होतो तो अंगठा माझाच होता, पण बातमी डोळ्यांनी दिली, अंगठ्यानं नाही. आधी मुंग्या यायच्या, मग हातमोजे घातल्यासारखं वाटायचं, आणि आता हे. डॉक्टरनं मागंच सांगितलं होतं की रक्तातली साखर अशी वाढत राहिली तर बोटं दगा देतील, आणि पुढं साखर कारखान्यावरनं एक विनोदही केला होता. मी हसलो नव्हतो. त्या डॉक्टरकडं परत गेलोही नाही.

माझं सगळं माणूसपण या दोन बोटांत आहे असं म्हटलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे. मी पॅनमन आहे. उसाचा रस आटवून त्याचा पाक होतो, आणि तो पाक बंद टाकीत शिजवून त्यातनं साखरेचा दाणा उभा करायचा, हे माझं काम. त्या टाकीला आम्ही पॅन म्हणतो. पॅनच्या पोटातनं एक दांडा ओढून नमुना काढायचा, काचेवर घ्यायचा, आणि अंगठा आणि बोटामध्ये धरून हळूच ताणायचा. तार किती लांब येते, कुठं तुटते, दाणा चरचरीत लागतो का पिठूळ, हे बोटाला कळतं. पॅनमध्ये नवा पाक सोडायला उशीर झाला तर आतला माल जास्त घट्ट होतो आणि चांगल्या दाण्यांच्या मधोमध नको तो बारीक दाणा जन्मतो. त्याला खोटा दाणा म्हणतात. तो डोळ्याला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, पण बोटाला आधी कळतो. वेळेवर कळला तर पाणी देऊन विरघळवता येतो. गेल्या फेब्रुवारीत मला तो कळला नाही. पुढं साखर गाळायच्या जाळ्या तुंबल्या, साखर सुटेना, सगळा पॅन पुन्हा वितळवायला पाठवावा लागला. चीफ केमिस्ट अमरसिंह साहेबांनी विचारलं, श्रीनाथ, हे तुमच्या हातनं कसं? मी म्हणालो, दाटपणाचा मीटर चुकीचा दाखवत होता साहेब. किती सहज म्हणालो. मीटर काढून तपासायला पाठवला आणि पंधरा दिवसांनी परत आला, सोबत एक कागद, मीटर ठीक आहे म्हणून. तो कागद साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला पाहिजे होतं, मला बरं वाटलं असतं.

आता ऑक्टोबर आहे. बॉयलर दसऱ्याला पेटला, पेपरात पूजेचा फोटो आला, आणि दिवाळी झाली की पहिल्या आठवड्यात हजर व्हा असा निरोप आहे. हजर होणं म्हणजे पॅनपुढं उभं राहून नमुना काढणं. चार महिन्यांच्या हंगामात माझ्या हातनं एकदा तरी परत खोटा दाणा पडणार हे मला माहीत आहे, आणि या वेळी मीटरचं नाव घेता येणार नाही. सुटकेची वाट एकच दिसते. पलीकडच्या नव्या कारखान्यात पॅन पडद्यावरनं चालवतात. खुर्चीत बसायचं, आकडे बघायचे, बटणं दाबायची. तिथला प्रॉडक्शन मॅनेजर सिद्धाराम. सिद्धाराम आणि मी एकाच माणसाच्या हाताखाली शिकलो, दादामियाँ चाचांच्या. सिद्धाराम माझं ऐकेल न ऐकेल, चाचांचा शब्द तो खाली पडू देणार नाही. चाचांनी एक फोन केला की काम झालं. फक्त एक फोन. आणि चाचांना मी नऊ वर्षं तोंड दाखवलेलं नाही.

नऊ वर्षं कशी गेली हे सांगायला बसलो तर मलाच माझी कीव येते. भांडण नाही, तंटा नाही. तीन हंगामांनंतर माझी पाळी बदलली, तरी जाणं-येणं होतं; नऊ वर्षांपूर्वी जुना कारखाना सोडताना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला होता. पहिल्या वर्षी ईदला फोन केला. दुसऱ्या वर्षी उद्या करू म्हटलं. मग रजियाबी चाची गेल्या. मला निरोप तीन दिवसांनी कळला, हंगाम भरात होता, मी म्हटलं हंगाम उतरला की परंड्याला जाऊन येऊ. हंगाम उतरल्यावर जायला तोंड राहिलं नाही. त्यानंतर प्रत्येक महिना त्या न जाण्यावर बसत गेला. ज्या बाईनं तीन हंगाम मला डब्यात भाकरी पाठवली, तिच्या मातीला मी गेलो नाही, आणि आता माझी बोटं मेली तेव्हा मला तिचा नवरा आठवला.  जायचं तर धाराशिवहून बार्शीवरनं परंडा, बसनं अर्धा दिवस. पण दारात उभा राहिलो तर माझं तोंडच सगळं मागून बसेल. फोन केला तरी तेच. चाचा म्हणतील, काय रे, कसा काय आठवलो, आणि माझ्या तोंडून काम बाहेर पडेल. आणि मग आभार कधी मानणार? कामानंतर मानलेले आभार म्हणजे पावती. म्हणून पत्र.

दुपारी मुलगी हर्षाली कॉलेजला गेल्यावर तिच्या वहीतले चार कागद काढून, ते वहीवरच ठेवून मी बसलो. पहिलं पत्र तीन पानं झालं. पहिली दोन पानं नुसती माफी. मी कसा करंटा, मी कसा कृतघ्न, मला तुमची रोज आठवण येत होती. वाचून बघितलं तर चीड आली. रोज आठवण येत होती तर टपालपेटी काय लंडनला होती? आणि इतकी माफी मागितली की वाचणाऱ्यालाच काम लागतं, त्याला समजूत घालत बसावं लागतं, अरे जाऊ दे रे, असू दे रे. चाचांचं वय आता सत्त्याहत्तर असेल. त्यांनी माझी समजूत का घालावी? फाडलं. फाडताना दिसलं की खालच्या कोऱ्या कागदावर अक्षरं खोल उमटली होती आणि दोन ठिकाणी पेन आरपार गेला होता. पेन धरलाय की निसटतोय हे मला कळत नाही, म्हणून मी तो आवळून धरतो. इतका आवळतो की हात दुखतो, पण मनगटापासून वर. बोटं गप्प. एके काळी याच्या बरोबर उलटं होतं. पाळीची नोंदवही कार्बन घालून लिहायची असे आणि माझं अक्षर इतकं हलकं की खालच्या प्रतीवर काही उठायचंच नाही. चाचा कार्बनचा कागद उजेडाला धरून म्हणायचे, "बेटा, काय मोराचं पीस फिरवतोस काय रे कागदावर? जरा दाब. साहेबाला खालचीच प्रत जाती."

दुसरं पत्र आटोपशीर झालं आणि शेवटी, कसं आलं मला कळलंच नाही, लिहिलं गेलं: बाकी एक काम होतं. तिथं पेन थांबला. चाचांची एक खोड मला आठवली, किंवा मी ती विसरलोच नव्हतो, नुसती बाजूला सारली होती. चाचा पत्र खालनं वाचायचे. पाळी संपली की कॅन्टीनच्या बाकावर बसून गावाकडनं आलेली पत्रं उघडायचे, आधी शेवटच्या चार ओळी, मग वर. भाच्यांची पत्रं, कारखान्यातनं गेलेल्या पोरांची पत्रं. मी विचारलं होतं, चाचा, असं उलटं का? ते म्हणाले, "सगळ्यांचं काम खालीच असतंय. वर सलाम, दुआ, याद, अन् खाली 'एक काम होतं'. आधी काम बघून घेतो. करण्यासारखं असलं तर करून टाकतो. मग वरचं वाचायची गरजच ऱ्हात न्हाय." हे ते रागानं म्हणाले नव्हते. चहा पीत, अगदी साधं म्हणाले होते, आणि म्हणूनच मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मी मनात म्हटलं होतं, मी कधी लिहिलं तर खाली काही लिहिणार नाही. वीस वर्षांचं पोर म्हणतं तसं म्हटलं होतं. आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी पहिलं पत्र, आणि त्याच्या शेपटाला तेच.

"काय लिहायलात इतकं दोन दिवस झालं?" माझी बायको दीपमाला म्हणाली. ती ज्वारी निवडत बसली होती. मी म्हटलं चाचांना पत्र. ती म्हणाली, "मग लिहा की तब्येतीचं. शुगर निघाली म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, पोरगं सांगतंय आपल्याला." मी म्हटलं तब्येतीचं नाही लिहायचं. "का बरं?" तिला बोटांचं माहीत नाही. तिला इतकंच माहीत आहे की गोळ्या चालू आहेत, आणि अंगठ्याला चटका बसला तर तिनं टूथपेस्ट लावली. मी म्हटलं, तब्येत लिहिली की ते मागणंच होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमचं न्हाय बाई मला कळत. सांगितलं की मागितलं व्हय? मग माणसानं माणसाशी बोलायचं तरी काय?" आणि परत ज्वारी निवडू लागली. तिची बोटं भराभर खडे बाजूला काढत होती, न बघता. मला ती बोटं बघवेनात. उठून बाहेर गेलो.

ती म्हणाली ते दिवसभर डोक्यात राहिलं. मी मागत नाहीये, पण मागणार आहे, दिवाळीनंतर, परंड्याला जाऊन, हेही मला माहीत आहे. मग हे पत्र म्हणजे काय? गळाला लावलेलं पीठ? न मागणं हीसुद्धा माझी युक्तीच असली तर? चाचा खाली बघतील, काही दिसणार नाही, खूश होतील, आणि पंधरा दिवसांनी मी दारात उभा. मला माझी घाण वाटली. बसस्टँडपासून जिल्हा परिषदेपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मग स्वतःला एकच विचारलं: उद्या सकाळी बोटं परत आली, सिद्धारामची गरजच उरली नाही, तर यातली कोणती ओळ तू तरीही टपालात टाकशील? माफी टाकली नसती. याद येते हे टाकलं नसतं. बराच वेळ काहीच सापडलं नाही आणि मी घाबरलो, की नऊ वर्षांत आत काही उरलेलंच नाही का. आणि मग ती दुपार आली.

माझा पहिला हंगाम. चाचा नमाजाला गेले होते, पॅन माझ्यावर सोपवून. मी पाक सोडायला विसरलो. विसरलो म्हणजे खिडकीतनं उसाच्या गाड्यांकडं बघत राहिलो. ते आले, त्यांनी दांडा ओढला, बोटात धरलं. पाणी दिलं, वाफ दिली, पण उशीर झाला होता. केमिस्टसाहेब धावत आले तेव्हा मी कोपऱ्यात अंग चोरून उभा होतो, कारण मी रोजंदारीवर होतो, एका शब्दानं घरी गेलो असतो. चाचा म्हणाले, "माझ्या पाळीत झालं साहेब. लिहून घ्या." आणि नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, दाबून, कार्बनवर उठेल असं. नंतर मला फक्त इतकं म्हणाले, "आधी बोट, मग डोळा, मग आकडा. गाड्या कुठं पळून जात न्हाईत." एवढंच. त्या दिवशी मी आभार मानले नाहीत. मानायचं सुचलंच नाही. आणि फेब्रुवारीत जेव्हा माझी पाळी आली तेव्हा मी एका मुक्या मीटरवर ढकललं. ही ओळ मी टाकली असती. बोटं परत आली असती तरी टाकली असती. उलट, मगच टाकली असती.

तिसऱ्या दिवशी लिहिलं, एका पानात. पत्ता, तारीख आणि फोन नंबर वर कोपऱ्यात घातला. नंबर खाली घातला तर फोन करा असं म्हटल्यासारखं होतं, आणि चाचा आधी खालीच बघणार. खाली मला स्वच्छ पाहिजे होतं. मग असं लिहिलं:

"आदरणीय दादामियाँ चाचांना सलाम. मी श्रीनाथ. जुन्या कारखान्यात तीन हंगाम तुमच्या पाळीला होतो. डाव्या भुवईवर वाफेच्या नळीचा डाग आहे, तोच. नऊ वर्षांत मी पत्र लिहिलं नाही. चाची गेल्या तेव्हा यायला पाहिजे होतं, आलो नाही. त्याला कारण नाही. त्यांच्या हातची भाकरी मी तीन हंगाम खाल्ली.

मी आता धाराशिवला राहतो, पॅनवरच काम करतो. दीपमाला बरी आहे. मुलगी हर्षाली अकरावीला आहे.

पहिल्या हंगामात माझ्या हातनं खोटा दाणा पडला आणि तुम्ही साहेबांना, माझ्या पाळीत झालं, म्हणालात. त्याची किंमत तेव्हा मला कळली नव्हती, या वर्षी कळली. आभार मानायचे राहून गेले होते, ते मानतो. आधी बोट, मग डोळा, मग आकडा, हे रोज आठवतं.

उत्तराची तसदी घेऊ नका. हे एवढंच कळवायचं होतं.

तुमचा, श्रीनाथ."

'हे रोज आठवतं'च्या जागी आधी 'हे अजून पाळतो' लिहिलं होतं. ते खोटं होतं म्हणून सबंध पान परत लिहिलं. खाडाखोड केलेलं पत्र चाचांना पाठवायचं नव्हतं. पाकिटावर परंडा, किल्ल्यामागची गल्ली, असं घातलं आणि टपालपेटीत टाकलं. पडल्याचा आवाज आला तेव्हा हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता हातात काहीच उरलं नव्हतं. नंतरचे दिवस मी पोस्टमनची वाट बघत नव्हतो असं स्वतःला सांगत काढले. कॅलेंडरवर दिवाळी जवळ येत होती. अंगठ्याचा फोड फुटला, खालची कातडी गुलाबी निघाली, ती मी सुपारीच्या अडकित्त्यानं टोचून बघितली, आधी हळू, मग हळू नाही. रक्ताचा थेंब आला. बाकी काही नाही. मनात आलं की म्हातारा गेलाही असेल आणि मी कुणाला लिहून बसलो. असं मनात आल्यावर आधी सिद्धाराम हुकला म्हणून कळ आली, आणि मग चाचांसाठी. हा क्रम मी कुणाला सांगणार नाही, पण तो तसा होता.

आठव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मुलीचा आवाज. "श्रीनाथकाका का? मी मिनाज, परंड्याहून. दादामियाँची नात. दादांना मोतीबिंदू हाय, त्यांना दिसत न्हाय नीट. पत्र मीच वाचलं." मी उठून उभा राहिलो. ती हसत सांगू लागली, "मला म्हणाले, आधी खालचं वाच. मी म्हटलं खाली नुसतं 'हे एवढंच कळवायचं होतं'. म्हणाले, परत बघ. परत बघितलं. म्हणाले, पाठीमागं बघ, पाठीमागं लिहिलं असंल. पाठीमागं तर काहीच न्हाय. मग म्हणाले, वरनं वाच. दोनदा वाचायला लावलं. मग कागद मागून घेतला अन् कितीतरी वेळ हातातच धरून बसले. थांबा, देते त्यांना."

खोकल्याचा आवाज आला, मग श्वास, आणि मग तोच आवाज, पातळ झालेला. "श्रीनाथ." मी म्हटलं, सलाम चाचा. "सलाम बेटा. खत पोचलं. ते चाचीचं लिहिलंस, ते बी पोचलं."  मी म्हणणार होतो, तब्येत कशी आहे, डोळ्याचं ऑपरेशन कधी, माणसं म्हणतात ते सगळं. तेवढ्यात ते म्हणाले, "दिसत न्हाय मला. म्हणून कागद उलटा करून पाठीवरनं बोट फिरवलं. पैल्या वळीपास्नं शेवटापर्यंत. सगळी अक्षरं माझ्या बोटाला लागली रे. एका जागी तर भोक पडलंय. तुझा तर कार्बन उठत नव्हता." मी खाली बसलो. "बोटं कधीपासून गेली?"

मला नाही म्हणता आलं असतं. पेन खराब होता म्हणता आलं असतं, मीटरसारखं. मी म्हटलं, "दोन वर्षं झाली, चाचा. या फेब्रुवारीत पार." "अन् माल?" "पडला. खोटा दाणा." "साहेबाला काय सांगितलंस?" हर्षालीची वही समोर उघडी होती, तिच्या कोऱ्या पानावर माझ्या पत्राचे वळ अजून दिसत होते, एकावर एक, सगळ्या पत्रांचे. मी म्हटलं, "मीटरवर घातलं."  पलीकडं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला, मिनाज कुणाला तरी ओरडली. मग चाचा म्हणाले, "हौ. आता खालचं सांग." "खाली काही नाही चाचा. खरंच आभारच मानायचे होते." "ते वाचलं मी. ते ठेवून घेतलं. आता जे लिहिलं न्हाईस ते सांग."

सिद्धारामचं नाव मी दोन महिने घोकलं होतं. ते जिभेवर होतं आणि ते आलंच नाही. मी अमरसिंह साहेबांच्या ड्रॉवरमधल्या कागदाचं सांगू लागलो, चहाच्या ग्लासाचं, अडकित्त्याचं, हंगाम सुरू होण्याची मला वाटणारी भीती सांगू लागलो. मी उंच आवाजात बोलत असलो पाहिजे, कारण दीपमाला आतनं येऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली आणि फोन धरलेल्या माझ्या हाताकडं बघत राहिली. फोनची कड कातडीत रुतून बोटं पांढरी पडली होती, आणि मला ते माहीत नव्हतं. चाचा पलीकडनं म्हणत होते, बोल, ऐकतोय. दीपमालानं एका हातानं फोन माझ्या कानाला धरून ठेवला आणि दुसऱ्यानं माझी बोटं एकेक करून सैल केली.